‘Waiting for this message’ असं का दिसतं, आणि हरवलेला मजकूर नंतर येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतले चाकरमानी आणि गावातली माणसं यांच्यातला बराच व्यवहार आता व्हॉट्सॲपवर चालतो. आंब्याच्या पेट्या, गाडीची वेळ, गणपतीची वर्गणी, होमस्टेचं बुकिंग, होडीचा हिशोब असं सगळं तिथेच ठरतं. नेमक्या महत्त्वाच्या निरोपाच्या जागी करड्या अक्षरांत खालची ओळ उमटली, की माणूस गोंधळतो.

```
Waiting for this message. This may take a while.
```

या पानावर फक्त या एका ओळीबद्दल लिहिलं आहे.

ही ओळ दिसते म्हणजे नक्की काय झालेलं असतं?

निरोप तुमच्या फोनपर्यंत पोचलेला असतो, पण फोनला तो उघडता आलेला नसतो.

व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. एप्रिल 2016 पासून सगळ्या निरोपांसाठी हीच पद्धत आहे. मधला सर्व्हर बंद निरोप इकडून तिकडे नेतो, त्याच्याकडे किल्ली नसते. किल्ल्या फोन स्वतः तयार करतो आणि त्या त्या फोनमध्येच राहतात. ज्या किल्लीसाठी निरोप बंद केला, ती किल्ली तुमच्या फोनमध्ये नसेल, तर फोनला एवढंच कळतं की अमक्याकडून अमक्या वेळी काहीतरी आलं आहे. तेवढीच नोंद तो या ओळीच्या रूपाने दाखवतो.

आमच्याकडे रेंज कमी असते. त्यामुळे असं होतं का?

तुमच्या बाजूची रेंज हे याचं कारण नसतं. रेंज नसेल तर निरोप येतच नाही, आणि ही ओळसुद्धा येत नाही. ओळ दिसली म्हणजे बंद निरोप तुमच्यापर्यंत आलेला आहे.

हा फरक लक्षात ठेवला तर बरीच धावपळ वाचते. ओळ दिसल्यावर लोक गच्चीवर जातात, फोन बंद करून चालू करतात, सिमकार्ड काढून पुसतात. त्याने काही होत नाही, कारण अडचण बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या फोनशी पुन्हा गाठ न पडल्याची असते. रेंजचा संबंध येतो तो तिथे. पाठवणारा घाटाखालच्या एखाद्या वाडीत असेल, त्याचा डेटा बंद असेल किंवा फोनची बॅटरी उतरली असेल, तर तुमची ओळ तशीच राहते.

मग हरवलेला मजकूर नंतर येतो का?

बऱ्याचदा येतो. ओळीत ‘वेळ लागू शकतो’ असं म्हटलं आहे ते त्यासाठीच.

निरोप उघडता आला नाही, की तुमचा फोन तुम्हाला काही न विचारता पाठवणाऱ्याच्या फोनकडे मागणी पाठवतो: हा निरोप उघडला नाही, माझी आत्ताची किल्ली ही, तिच्यासाठी पुन्हा बंद करून पाठव. पाठवणाऱ्याचा फोन ही मागणी घेतो, आपल्याकडे असलेला मूळ मजकूर नव्याने बंद करतो आणि परत पाठवतो. तो उघडला की करड्या ओळीच्या जागी मजकूर दिसू लागतो.

यासाठी दोन गोष्टी लागतात. पाठवणाऱ्याचं व्हॉट्सॲप इंटरनेटला जोडलं गेलं पाहिजे, आणि तो निरोप त्याच्या फोनमध्ये अजून असला पाहिजे. वाचता येण्याजोगा मजकूर फक्त तिथेच आहे. सर्व्हरवर नाही, तुमच्या फोनमध्ये नाही, तुमच्या बॅकअपमध्येही नाही.

हे एखाद्या उदाहरणाने सांगाल का?

देवगडची काकू आणि डोंबिवलीचा पुतण्या असं उदाहरण घेऊ. मे महिना आहे. शनिवारी संध्याकाळी पुतण्याचा जुना फोन पाण्यात पडून बंद पडतो. रात्री नऊ वाजता काकू लिहिते: “उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सहा पेट्या पाठवतेय. सकाळी थांब्यावर उतरवून घे. ड्रायव्हरचा नंबर खाली दिलाय बघ.” काकूच्या फोनला पुतण्याच्या जुन्या फोनचीच किल्ली माहीत आहे, म्हणून निरोप त्या किल्लीसाठी बंद होतो आणि सर्व्हरवर थांबतो. काकूला एकच खूण दिसते.

रविवारी सकाळी अकरा वाजता पुतण्या नवा फोन घेतो, त्याच नंबरवर व्हॉट्सॲप चालू करतो आणि गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप उतरवून घेतो. जुने निरोप दिसतात, त्यामुळे सगळं पहिल्यासारखं झालं असं त्याला वाटतं. पण नव्या फोनने किल्ल्या नव्या तयार केलेल्या असतात. सर्व्हर काकूचा थांबलेला निरोप त्याच्या हाती देतो, तो उघडत नाही, करडी ओळ उमटते, आणि त्याच क्षणी काकूच्या फोनकडे मागणी जाते.

इकडे देवगडात पहाटे वळवाचा पाऊस झालेला. वीज गेली आहे, काकूचा फोन बंद पडला आहे. त्यामुळे मागणी सर्व्हरवरच थांबते. पुतण्याने दुपारभर कितीही वेळा फोन चालू-बंद केला तरी ओळ बदलणार नाही.

दुपारी चार वाजता वीज येते. काकू फोन चार्जिंगला लावते, डेटा चालू करते, व्हॉट्सॲप उघडते. मागणी तिच्या फोनला मिळते, फोन पुतण्याची नवी किल्ली घेतो आणि कालचा निरोप पुन्हा बंद करून पाठवतो. काकूला यातलं काही करावं लागत नाही. डोंबिवलीत ड्रायव्हरचा नंबर दिसू लागतो.

यात एक बारीक गोष्ट आहे. मजकूर उघडतो तो निरोपाच्या मूळ जागी, म्हणजे शनिवारच्या रात्रीच्या जागी. मधल्या काळात आणखी दहा-वीस निरोप आले असतील तर तो वर गेलेला असतो. तो उघडल्याची सूचना वाजेलच असं धरून चालू नका. वर सरकवून स्वतः पाहावं.

ओळ दिसल्यावर काय करावं, आणि कुठल्या क्रमाने?

आधी पाठवणाऱ्याला साधा फोन करा. त्याला म्हणावं, ज्या फोनवरून निरोप पाठवलास त्या फोनवर व्हॉट्सॲप उघड आणि दोन-चार मिनिटं उघडंच ठेव. नुसता डेटा चालू असून नेहमी भागत नाही, कारण बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे बरेच फोन मागे चालणारी ॲप झोपवतात. ॲप समोर उघडं असलं की मागणी लगेच हाती येते. निरोप संगणकावरून पाठवला असेल तर तो संगणकही चालू करून व्हॉट्सॲप उघडायला सांगा.

त्या वेळात तुमचंही व्हॉट्सॲप उघडं ठेवा. दोघांपैकी कुणाचं ॲप फार जुनं असेल तर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून अपडेट करून घ्या. नव्या-जुन्या आवृत्त्यांचा मेळ न बसणं हेही एक नेहमीचं कारण आहे. अपडेटने किल्ल्या पुसल्या जात नाहीत, त्यामुळे ते करायला हरकत नाही.

एवढं करूनही ओळ तशीच राहिली तर पाठवणाऱ्याला तो मजकूर पुन्हा पाठवायला सांगा. त्याने आपला जुना निरोप दाबून धरून कॉपी करावा आणि त्याच संभाषणात नवा निरोप म्हणून पाठवावा. नवा निरोप तुमच्या आत्ताच्या किल्लीसाठी बंद होतो, म्हणून तो बहुतेक वेळा लगेच उघडतो. आमच्या मते दोघांचं व्हॉट्सॲप चांगल्या रेंजमध्ये उघडं असताना पाच-दहा मिनिटांत काही झालं नाही, तर वाट पाहत बसण्यापेक्षा हाच मार्ग धरावा.

व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकलं तर ओळ उघडेल का?

नाही. हे करूच नका. या सगळ्यात सर्वांत जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं.

ॲप काढून पुन्हा टाकलं की फोन पुन्हा नव्या किल्ल्या तयार करतो. मग जे निरोप अजून वाटेत आहेत, तेही जुन्या किल्लीसाठी बंद केलेले ठरतात आणि एका ओळीच्या चार ओळी होतात. बॅकअप उतरवूनही काही हाती लागत नाही. तुमच्या बॅकअपमध्ये तुमच्या फोनने उघडलेलेच निरोप असतात, आणि हा निरोप तुमच्या फोनने कधी उघडलाच नव्हता. बॅकअप जुना असेल तर मधल्या दिवसांचे चांगले निरोपही जातात.

ॲपच्या सेटिंगमधला Clear data हाच घोळ करतो. Clear cache ने नुकसान नाही, पण फायदाही नाही. ती करडी ओळ पुसू नये, तिच्या जागी मजकूर यायचा असतो.

पाठवणाऱ्याने ॲप काढणं तर त्याहून वाईट. मूळ मजकुराची एकुलती प्रत त्याच्याकडे आहे.

मजकूर कधीच येणार नाही, हे कसं ओळखायचं?

पाठवणाऱ्याला विचारा: तुझ्या फोनवर तो निरोप अजून दिसतोय का? त्याला दिसत नसेल तर तो तुमच्याकडेही येणार नाही.

तो न दिसण्याची कारणं थोडीच आहेत. त्याने निरोप स्वतःपुरता पुसला असेल. त्याचा फोन हरवला किंवा बिघडला असेल आणि त्या निरोपाच्या आधीचाच बॅकअप असेल. किंवा संभाषणात आपोआप नाहीसे होणारे निरोप चालू असतील. तिथे 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस अशी मुदत असते. 24 तासांची मुदत लावली असेल आणि पाठवणाऱ्याचा फोन दोन दिवस बंद राहिला, तर फोन चालू होईपर्यंत मूळ निरोपच गेलेला असतो.

दुसरी मर्यादा 30 दिवसांची आहे. पोचू न शकलेला निरोप व्हॉट्सॲपचा सर्व्हर जास्तीत जास्त 30 दिवस ठेवतो, मग काढून टाकतो. तुमचा फोन दोन महिने बंद होता आणि त्या काळात कुणी काही पाठवलं असेल, तर पहिल्या महिन्यातले निरोप ओळीच्या रूपातही येणार नाहीत. मागणी पाठवण्यालाही मर्यादा आहे, फोन ती वर्षानुवर्षं करत राहत नाही. म्हणून महिन्यापूर्वीची करडी ओळ एक दिवस आपोआप उघडेल या आशेवर राहू नका.

पाठवणाऱ्याने निरोप सगळ्यांसाठी पुसला असेल तर त्या जागी ‘This message was deleted’ असं येतं. सगळ्यांसाठी पुसण्याची मुभा निरोप पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडी अधिक असते.

गटात फक्त मलाच ही ओळ दिसते. बाकीच्यांना निरोप वाचता येतो. असं का?

गटात किल्ल्यांची व्यवस्था थोडी वेगळी आहे. वाडीच्या गटात दीडशे माणसं असतील तर प्रत्येक निरोप दीडशे वेळा बंद करणं जड जाईल. म्हणून गटात लिहिणारा आपल्या निरोपांसाठी एक गटकिल्ली तयार करतो आणि ती प्रत्येक सदस्याला एकदाच, वेगवेगळी पाठवतो. पुढचे निरोप त्या एका किल्लीवर चालतात.

तुम्ही फोन बदलला की ही गटकिल्ली तुमच्याकडून जाते. मग तुमचा फोन ज्याचा निरोप उघडत नाही त्याच्याकडे ती मागतो. त्यामुळे गटात काहींचे निरोप नीट दिसतात आणि काहींच्या करड्या ओळी राहतात. ज्यांचे फोन त्या वेळी चालू होते त्यांच्याकडून किल्ली आली, ज्यांचे बंद होते त्यांच्याकडून यायची आहे. एकाच माणसाच्या लागोपाठ पाच ओळी दिसल्या तर गोंधळू नका, किल्ली मिळाली की त्याचे निरोप एकामागोमाग उघडू लागतात.

गटातली सोय अशी की मजकुराची प्रत पाठवणाऱ्याशिवाय इतरांकडेही आहे. गटातल्या कुणालाही तो निरोप तुम्हाला वेगळा फॉरवर्ड करायला सांगा. हा सगळ्यात जलद मार्ग आहे.

मच्छीमारांच्या गटांसाठी मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. हवामानाच्या इशाऱ्याच्या वेळी अशी ओळ दिसली तर ती उघडण्याची वाट पाहू नका. लगेच सोसायटीला किंवा बंदरावर फोन करा, आणि होडी बाहेर असेल तर वायरलेसवरून विचारा.

फोनवर निरोप दिसतो, पण संगणकावर करडी ओळ आहे. हे कसं?

तारकर्ली, गुहागर, गणपतीपुळे इकडच्या होमस्टेवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. बुकिंग काउंटरवरच्या संगणकावर पाहायचं आणि फोन मालकाच्या खिशात.

एका खात्याला मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात, आणि प्रत्येकाच्या किल्ल्या स्वतंत्र असतात. पाहुण्याच्या फोनने निरोप पाठवताना तो तुमच्या फोनसाठी वेगळा आणि संगणकासाठी वेगळा बंद केलेला असतो. संगणकाची प्रत उघडली नाही तरी फोनची उघडू शकते. म्हणून करडी ओळ दिसली की आधी मुख्य फोन पाहा. मजकूर बहुधा तिथे सापडेल.

संगणकावर वारंवार असं होत असेल तर फोनवर व्हॉट्सॲप उघडून Linked devices मध्ये जा, तो संगणक निवडून Log out करा आणि क्यूआर कोड दाखवून पुन्हा जोडा. फोनवर ॲप काढणं घातक असलं, तरी जोडलेलं उपकरण काढून पुन्हा जोडणं सुरक्षित आहे, कारण निरोप मुख्य फोनमध्ये जागच्या जागी राहतात आणि जोडल्यावर अलीकडचे निरोप तिथूनच संगणकावर उतरतात. मुख्य फोन 14 दिवस वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात, हेही ध्यानात ठेवावं.

माझा फोन मला न विचारता जुना निरोप नव्या फोनवर पाठवतो. हे धोक्याचं नाही का?

शंका रास्त आहे. कुणी तुमच्या पुतण्याचा नंबर स्वतःच्या फोनवर चालू करून घेतला, तर न पोचलेले निरोप नव्या किल्लीसाठी बंद होऊन त्याच्याकडे जाऊ शकतात. 2017 च्या जानेवारीत यावर जगभर वाद झाला होता. निरोप अडकून राहू नयेत म्हणून ही सोय ठेवली, अशी कंपनीची भूमिका होती.

तुमच्या हाती एवढं आहे: Settings मध्ये Account, त्यात Security notifications, आणि तिथला खटका चालू करा. मग कुणाचा फोन बदलला की संभाषणात सुरक्षा कोड बदलल्याची ओळ येते. करडी ओळ आणि ही सूचना पाठोपाठ दिसल्या तर कारणही कळतं: समोरच्याने फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं. पैशाचा व्यवहार असेल तर त्या सूचनेनंतर आधी आवाज ओळखता येईल असा फोन करावा, मगच खातेक्रमांक किंवा रक्कम लिहावी.

अनोळखी नंबरवरून फक्त हीच ओळ आली आहे. काय करू?

काहीच करू नका. अनधिकृत व्हॉट्सॲप किंवा एकगठ्ठा निरोप पाठवणाऱ्या यंत्रणा वापरल्या की अशा न उघडणाऱ्या ओळी बऱ्याचदा येतात. ‘काय पाठवलंत?’ असं विचारायला जाऊ नका. नुसती ओळ आल्याने फोनला धोका नाही. धोका असतो तो नंतर येणाऱ्या लिंकमध्ये किंवा एपीके फाइलमध्ये.

कंपनी, मोबाइल दुकानदार किंवा एखादं ॲप हा मजकूर काढून देईल का?

नाही. कंपनीकडे किल्ली नाही. दुकानदाराच्या हाती तुमचा फोन दिला तरी त्यात उघडलेला मजकूर नाहीच, तर तो काढणार कुठून? अँड्रॉइडमधल्या सूचनांच्या इतिहासातही मजकूर सापडत नाही, कारण तो फोनने कधी वाचलाच नाही. ‘अडकलेले मेसेज उघडून देतो’ म्हणून कुणी एखादं ॲप टाकायला सांगत असेल किंवा सहा अंकी कोड मागत असेल, तर तो तुमचं खातं पळवायला बसला आहे. कोड सांगू नका.

फोन बदलायचा आहे. अशा ओळी येऊ नयेत म्हणून आधी काय करावं?

जुना फोन चालू असेपर्यंत त्यावर इंटरनेट जोडून व्हॉट्सॲप उघडा आणि आलेले सगळे निरोप उतरू द्या. मग Settings, Chats, Chat backup इथे जाऊन बॅकअप घ्या, आणि त्यानंतर लगेच नव्या फोनवर नंबर चालू करा. जुना फोन बंद होणं आणि नवा चालू होणं यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितके जुन्या किल्लीसाठी बंद झालेले निरोप कमी.

नवा फोन चालू झाल्यावर गावाकडच्या माणसांना एक-एक निरोप तुम्हीच पाठवा. त्याने त्यांच्या फोनला तुमची नवी किल्ली कळते आणि त्यांचा पुढचा निरोप नीट उघडतो. शक्यतो हे काम गणपतीच्या आदल्या आठवड्यात किंवा आंब्याच्या ऐन हंगामात काढू नका.